स्तुतीला उत्तर लिहिताना : कॅफेचालकांसाठी

लहान कॅफे चालविणाऱ्या वाचकांकडून ज्या शंका आमच्याकडे वारंवार येतात, त्यांतील एक शंका ऐकताना अगदी किरकोळ वाटते आणि उत्तर लिहावयास बसले म्हणजे मात्र लेखणी अडते. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर काय लिहावे, हे बहुतेकांना सवयीने ठाऊक झालेले असते : क्षमा मागावी, चौकशी करावी, पुन्हा एकदा येण्याची विनंती करावी. परंतु एखाद्या गिऱ्हाइकाने गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाच्या नावाखाली पाच तारे देऊन आठ-दहा ओळींची मनमोकळी स्तुती लिहिली, तर तिला उत्तर काय द्यावे, किंबहुना द्यावे की नाही, याचा उलगडा पुष्कळांना होत नाही. मग कोणी ‘धन्यवाद, असेच प्रेम असू द्या’ एवढी ओळ टाकून मोकळे होतात, आणि तीच ओळ वरखाली सगळ्यांना टाकलेली दिसते. तर कोणी आनंदाच्या भरात दुकानाची सगळी थोरवी त्या उत्तरात सांगून बसतात. या दोहोंच्या मधला मार्ग कसा काढावा, हे एका उदाहरणाच्या आधाराने येथे सांगत आहोत.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले उत्तर दोन प्रकारची माणसे वाचतात. एक, ज्यांनी स्तुती लिहिली ते. उत्तर आल्याची सूचना त्यांना मिळते. दुसरे, उद्या आपल्याकडे यावे की न यावे याचा विचार करीत तो मजकूर चाळणारे अनोळखी लोक. पहिल्याला आपले म्हणणे कोणीतरी नीट वाचले याचे समाधान हवे असते, आणि दुसऱ्याला दुकानाचा खरा कारभार कसा आहे याची थोडी कल्पना हवी असते. या दोघांनाही आपल्या अभिमानाशी काही कर्तव्य नसते. म्हणून गिऱ्हाइकाने जे लिहिले त्यामागे आपल्या दुकानात प्रत्यक्ष काय घडले, ते खरेपणाने व थोडक्यात सांगणे, एवढेच या उत्तराचे काम आहे असे आम्ही मानतो.

प्रथम मजकूर वाचावा, मग चौकशी करावी

उदाहरण नाशिकमधील एका लहान कॅफेचे घेऊ. मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसतात, खाली चार टेबले आणि अरुंद जिन्याने वर गेल्यावर सहा, अशी जागा आहे. त्यांच्याकडे आलेला अभिप्राय असा होता :

“रविवारी सकाळी वडिलांना घेऊन गेले होते. त्यांना जिना चढवत नाही हे बघून तिथल्या मुलाने न सांगता खालचं कोपऱ्यातलं टेबल मिळवून दिलं. फिल्टर कॉफी तर अप्रतिम! एकदम शुद्ध कॉफी, काही मिसळलेलं नाही, कडक पण कडवट नाही. वडील म्हणाले, माटुंगा सोडल्यापासून अशी कॉफी आज प्यायलो. केळ्याचा केकही मऊ होता. नाशिकमध्ये अशी कॉफी दुसरीकडे कुठे मिळत नाही.”

बाईंनी हा मजकूर वाचून लगेच उत्तर लिहिले नाही, हे त्यांनी फार योग्य केले. स्तुतीचा पहिला वाचनानंद हा उत्तर लिहिण्यास सर्वांत वाईट मुहूर्त होय, कारण त्या क्षणी गिऱ्हाइकाने वापरलेली विशेषणेच तेवढी डोळ्यांपुढे राहतात आणि त्याने पाहिलेल्या गोष्टी मागे पडतात. दुसऱ्यांदा वाचताना विशेषणे बाजूस सारून निव्वळ घडलेल्या गोष्टी निवडाव्या. येथे त्या अशा निघाल्या : टेबल मिळाले, कॉफीत काही मिसळलेले नाही असे गिऱ्हाइकाला वाटले, कॉफी कडवट लागली नाही, केक मऊ होता. वडिलांचे माटुंग्याविषयीचे उद्गार आणि ‘नाशिकमध्ये दुसरीकडे कुठे नाही’ हा निर्वाळा, या गिऱ्हाइकाच्या भावना आहेत, आपल्या कारभाराचा तपशील नव्हे.

यानंतर बाईंनी ज्या मुलाची स्तुती झाली होती त्याला तो अभिप्राय वाचून दाखविला आणि त्या दिवशी काय झाले ते विचारले. तेव्हा असे कळले की कोपऱ्यातल्या टेबलावर रोज येणारे दोन वयस्कर गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मुलाने त्यांच्याजवळ जाऊन जागेविषयी शब्द काढताच ते दोघे आपण होऊन उठले आणि आपापले कप हातात घेऊन वर गेले. म्हणजे ज्या सौजन्याचे श्रेय कॅफेला मिळाले होते, त्यातला अर्धा वाटा दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांचा होता. आणि ही गोष्ट गल्ल्यावर बसलेल्या मालकिणीलाही चौकशी करेपर्यंत ठाऊक नव्हती. उत्तरात काहीतरी नेमके लिहावे असे आम्ही जेव्हा म्हणतो, तेव्हा तो नेमकेपणा असा येतो. तो शब्दकोशात सापडत नाही, तो आपल्याच दुकानात विचारपूस केल्याने सापडतो.

स्वयंपाकघरात केलेल्या चौकशीतून दोन गोष्टी निघाल्या. कॉफीचे डिकॉक्शन पितळी फिल्टरमध्ये रोज सकाळी एकदा आणि दहाच्या सुमारास पुन्हा एकदा उतरविले जाते, आणि उरलेले डिकॉक्शन पुन्हा उकळून वापरले जात नाही. त्या रविवारी ती मंडळी आली तेव्हा सकाळचे डिकॉक्शन नुकतेच उतरले होते. डिकॉक्शन पुन्हा उकळले की त्याचा सुगंध उडतो आणि मागे कडवटपणा राहतो, हे फिल्टर कॉफी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तेव्हा कडवट न लागण्याचे कारण सापडले. केक मात्र कॅफेत केलेलाच नव्हता. तो त्याच भागातल्या एक गृहिणी घरी भाजून पुरवितात. बाईंनी त्यांना त्याच संध्याकाळी फोन करून अभिप्राय वाचून दाखविला, आणि उत्तरात केकचा उल्लेख मुळीच केला नाही. प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलेच पाहिजे असा काही दंडक नाही. दोन गोष्टी निवडाव्या आणि त्याच नीट सांगाव्या. केकच्या स्तुतीची मालकी गप्प राहून आपल्याकडे घेऊ नये हे खरे, पण ती ज्यांची त्यांना पोचविली म्हणजे ते कर्तव्य पार पडले.

जी स्तुती आपली नाही, ती परत करावी

आता या अभिप्रायातील अवघड जागेकडे येऊ. ‘एकदम शुद्ध कॉफी, काही मिसळलेलं नाही’ असे गिऱ्हाइकाने लिहिले होते. वस्तुस्थिती अशी की या कॅफेत वापरली जाणारी पूड ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी अशा मिश्रणाची आहे. त्यात गैर काहीच नाही. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. तिने डिकॉक्शनला दाटपणा आणि गडद रंग येतो, आणि दक्षिणेकडच्या पद्धतीची कॉफी पिणारे पुष्कळ लोक ती चव मुद्दाम मागतात. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण शेकडा 51 पेक्षा कमी असता कामा नये, आणि दोहोंचे प्रमाण पुड्यावर छापणे आवश्यक आहे. म्हणजे बाईंचा माल नियमात अगदी चोख बसणारा होता. फक्त तो गिऱ्हाइकाने वर्णिला तसा नव्हता.

अशा वेळी बहुतेक जण त्या वाक्याबद्दल मौन पाळतात, आणि काही जण तर ते वाक्य उचलून आपल्या उत्तरात दुप्पट मोठे करतात. आमचा सल्ला स्पष्ट आहे : गिऱ्हाइकाची रुची ही त्याची स्वतःची असते, ती दुरुस्त करू नये, पण आपल्या मालाविषयी त्याची वस्तुस्थितीची चूक झाली असेल, तर ती आपणच दुरुस्त करावी. ‘अशी कॉफी नाशिकमध्ये दुसरीकडे कुठे मिळत नाही’ हे रुचीचे विधान आहे. त्याला दुजोरा देणे म्हणजे शेजारच्या कॅफेवाल्यांना कमी लेखणे, आणि त्याचा इन्कार करणे म्हणजे ज्याने प्रेमाने ते लिहिले त्याला खोटे पाडणे. तेव्हा त्याविषयी न बोलणे हेच शिष्टाचाराला धरून होय. ‘काही मिसळलेलं नाही’ हे मात्र वस्तूविषयीचे विधान आहे. ते वाचून उद्या असा कोणी येईल, ज्याला चिकोरीची चव नको आहे किंवा प्रकृतीमुळे ती वर्ज्य आहे. आणि आपण मालक म्हणून त्या विधानाखाली आभार मानून सही केल्यासारखे झाले, तर त्या माणसाची फसवणूक आपल्या नावावर जमा होते.

दुरुस्ती करताना गिऱ्हाइकाला ‘आपला गैरसमज झाला’ असे म्हणू नये. एका साध्या वाक्यात आपल्या बाजूची हकीकत सांगावी, खुलासा लांबवू नये, आणि लगेच पुढच्या गोष्टीकडे वळावे. असा खुलासा केल्याने दुकानाची किंमत कमी होते ही भीती निराधार आहे असे आम्हांस वाटते. ज्याने मागितल्यावाचून पुड्यातले प्रमाण सांगितले, त्याच्या बाकीच्या शब्दांवरही वाचणारा विश्वास ठेवतो.

तीन मसुदे

बाईंचा पहिला मसुदा त्यांच्या भाच्याने लिहून दिला होता. तो असा :

“आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल शतशः धन्यवाद! उत्कृष्ट दर्जा आणि विनम्र सेवा हेच आमचे ब्रीद आहे. शंभर टक्के शुद्ध कॉफी देणारे नाशिकमधील एकमेव ठिकाण असल्याचा आम्हांला अभिमान वाटतो. आमच्याकडे सँडविच, पास्ता आणि थंड पेयेही मिळतात. पुढच्या वेळी आपल्या वडिलांची कॉफी आमच्यातर्फे!”

यातले प्रत्येक वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. पहिले वाक्य निरुपद्रवी आहे, पण ते कोणालाही लिहिता आले असते. दुसऱ्यात आपल्या सेवेला आपणच ‘विनम्र’ म्हटले आहे. हा शब्द गिऱ्हाइकाने वापरला तर शोभतो, मालकाने वापरला की त्याचा अर्थच नाहीसा होतो. तिसरे वाक्य तर उघड असत्य आहे, आणि शिवाय गिऱ्हाइकाने कौतुकाने काढलेला उद्गार तेथे दुकानाचा दावा होऊन बसला आहे. चौथे वाक्य म्हणजे जाहिरात होय. ज्या माणसाने आपल्या वडिलांविषयी लिहिले त्याला पास्त्याचे नाव ऐकविणे हे बोलणाऱ्याकडे पाठ फिरविण्यासारखे आहे. पाचवे वाक्य सगळ्यांत गोड दिसते आणि तेच सगळ्यांत जास्त अडचणीचे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर सांगू.

दुसरा मसुदा बाईंनी स्वतः केला, आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. “आम्ही काय केले, काहीच नाही, सगळे आपलेच मोठेपण, आमच्यासारख्या साध्या जागेची आपण उगीच एवढी स्तुती केलीत,” अशा तऱ्हेची वाक्ये त्यात होती. प्रत्यक्ष बोलताना अशी भाषा आपल्याकडे खपते, कारण चेहऱ्यावरचा भाव सोबत असतो. लिहिल्यावर मात्र ‘उगीच स्तुती केलीत’ याचा अर्थ ‘आपली पारख चुकली’ असा होतो. शिवाय ज्या मुलाने सकाळी सहापासून राबून ती कॉफी दिली, त्याच्या कामाला त्याच्याच मालकिणीने ‘काहीच नाही’ म्हणावे, हे न्यायाचे नाही. नम्रता दाखविण्यासाठी दुसऱ्याचे श्रम कमी करून सांगण्याचा अधिकार मालकाला नसतो.

शेवटी जे उत्तर प्रकट झाले ते असे :

“नमस्कार. आपण वेळ काढून इतकं तपशिलानं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आपला अभिप्राय आमच्या मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, मी फक्त शब्द काढला, कोपऱ्यातले दोघे गृहस्थ आपण होऊन उठले. त्यांनाही आपले आभार पोचवले आहेत. कॉफीबद्दल एक सांगायला हवं : आमच्या पुडीत शंभरात वीस भाग चिकोरी असते. कॉफी कडवट लागली नाही, कारण सकाळचं डिकॉक्शन नुकतंच उतरलं होतं आणि ते आम्ही पुन्हा उकळत नाही. वडिलांना नमस्कार सांगा. खालचं टेबल हवं असेल तर निघण्याआधी फोन करा, ठेवून देऊ.”

सारे मिळून सत्तर-पंचाहत्तर शब्द. त्यात एकही विशेषण दुकानाला लावलेले नाही, तरी वाचणाऱ्याला कितीतरी गोष्टी कळतात : येथे मालकीण नोकराला विचारते, येथे रोज येणारी माणसे दुसऱ्यासाठी उठतात, पुडीत काय आहे ते लपविले जात नाही, शिळे डिकॉक्शन गरम करून देत नाहीत, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली टेबल ठेवता येते. शेवटच्या वाक्याविषयी बाईंनी एक खबरदारी घेतली. रविवारी सकाळच्या गर्दीत फोनवरून टेबल ठेवणे आपल्याला खरोखर साधेल काय, हे त्यांनी आधी मुलांना विचारून घेतले, कारण जे चारचौघांत लिहिले ते उद्या कोणीही येऊन मागू शकतो.

बाईंना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. बिल देताना त्या मुलीने सहज बोलता बोलता वडिलांच्या गुडघ्यावर नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेविषयी सांगितले होते. ‘वडिलांचा गुडघा आता कसा आहे?’ असे लिहिण्याचा मोह अत्यंत स्वाभाविक होता, आणि तो आपुलकीचाच होता. तरी बाईंनी तो टाळला. गिऱ्हाइकाने अभिप्रायात जेवढे स्वतः जाहीर केले तेवढ्याचाच उल्लेख उत्तरात करावा. गल्ल्यावर ऐकलेली प्रकृतीची, घरची, नोकरीची गोष्ट, आणलेले पाहुणे, वाढदिवस, बिलाची रक्कम, यांतले काहीही आपल्या लेखणीतून बाहेर जाऊ नये. गुडघ्याची विचारपूस पुढच्या भेटीत तोंडी करता येते.

संबोधन आणि भाषा

गिऱ्हाइकाने ज्या भाषेत लिहिले त्या भाषेत उत्तर द्यावे. रोमन अक्षरांत मराठी लिहिलेले असेल, तर आपण देवनागरीत साधे मराठी लिहिले तरी चालते. अनोळखी माणसाला काका, मावशी, ताई म्हणू नये, आणि नावावरून तर्क करून श्री., सौ. किंवा कुमारी ही उपपदेही लावू नयेत. जे नाव दिसत असेल ते, किंवा नुसता नमस्कार, पुरेसा आहे. ‘आपण आलात, बसलात, लिहिलंत’ अशी क्रियापदे योजली की लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हा प्रश्नच उद्भवत नाही. बाईंनी बोलीतले ‘इतकं, सांगायला हवं’ असे रूप ठेवले, कारण अभिप्रायही तसाच होता. दुकानातल्या बोलण्याहून फार वेगळी भाषा उत्तरात आली तर ती दुसऱ्या कोणीतरी लिहून दिल्यासारखी वाटते.

नोकराचे नाव घ्यावयाचे असेल, तर त्याची संमती घ्यावी आणि पहिलेच नाव लिहावे. काही मुलांना आपले नाव असे जाहीर झालेले आवडत नाही. येथेही त्या मुलाने ‘नाव नको’ म्हटले, म्हणूनच उत्तरात ‘आमच्या मुलाला’ एवढेच आले.

मोफत कॉफीचा मोह आणि इतर खाचखळगे

पहिल्या मसुद्यातील ‘पुढच्या वेळी कॉफी आमच्यातर्फे’ या वाक्याकडे आता वळू. आपल्या संस्कृतीत कोणी गोड बोलले तर त्याला चहा पाजणे हा साधा आदरसत्कार होय, आणि त्यात लाच देण्याचा विचार कोणाच्या मनातही नसतो. परंतु ते वाक्य अभिप्रायाखाली छापले गेले की त्रयस्थ वाचणाऱ्याला त्यातून एकच हिशेब दिसतो : येथे स्तुती लिहिली की कॉफी फुकट मिळते. त्या क्षणापासून आपल्या दुकानाखालच्या सर्व अभिप्रायांवर, अगदी निर्व्याज लिहिलेल्यांवरही, संशयाची छाया पडते. गूगलच्या नियमांतही अभिप्रायाच्या मोबदल्यात पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देऊ करण्यास मनाई आहे. तेव्हा कोणाला आदराने कॉफी पाजावयाची असेल तर समक्ष पाजावी, आणि तिचा संबंध अभिप्रायाशी जोडू नये.

याखेरीज पुढील गोष्टींपासून जपावे :

- दुसऱ्या कॅफेशी तुलना, मग ती गिऱ्हाइकानेच सुरू केलेली का असेना.
- पदार्थ ‘पचायला हलका’, ‘मधुमेहींना चालणारा’ असे आरोग्याचे दावे. एखाद्याने ‘आजीला अगदी सोसला’ असे लिहिले, तरी त्यावरून आपण सर्वांसाठी निष्कर्ष काढू नये.
- ‘असेच पाच तारे देत राहा’, ‘मित्रांनाही लिहायला सांगा’ अशी मागणी.
- उत्तर लगेच दिसले नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा टाकणे. ते आधी तपासले जाते आणि त्याला कधी वेळ लागतो. चूक राहिली असेल तर त्याच उत्तरात मागाहून दुरुस्ती करण्याची मुभा असते.

कायद्याची बाजू, लागेल तेवढी

मालकाचे उत्तर हे खासगी पत्र नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यातील जाहिरातीची व्याख्या इतकी विस्तृत आहे की इंटरनेटवर मालाविषयी केलेले प्रतिपादनही तीत येऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या खेपेस 10 लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. एका लहान कॅफेच्या एका ओळीवर अशी कारवाई होईल असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. पण ‘शंभर टक्के शुद्ध’ हे शब्द, पुड्यावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असताना, स्वतःच्या नावाने लिहून ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध लेखी पुरावा तयार करणे होय.

गिऱ्हाइकाचे हक्कही ओळखून असावे. त्याने काढलेले कॉफीच्या कपाचे छायाचित्र कितीही सुरेख असले, तरी 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार त्यावर सामान्यतः छायाचित्र काढणाऱ्याचा हक्क असतो. आपल्या दुकानात, आपल्या कपाचे काढले म्हणून ते आपले होत नाही. ते मेनूकार्डावर किंवा फलकावर छापावयाचे असेल तर परवानगी मागावी, आणि ती उत्तराच्या ओघात न मागता स्वतंत्रपणे मागावी, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला संकोच पडत नाही. अभिप्रायातील एखादे वाक्य जाहिरातीत घ्यावयाचे झाले, तर लिहिणाऱ्याची संमती घ्यावी आणि अर्थ बदलेल अशी काटछाट करू नये. या उदाहरणातले ‘एकदम शुद्ध कॉफी’ हे शब्द तर, गिऱ्हाइकाने आनंदाने परवानगी दिली तरीही, बाईंना वापरता येणार नाहीत, कारण ते खरे नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. आणि लिहिणाऱ्याला आपला अभिप्राय पुढे केव्हाही बदलण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार असतो. तसे झाले तर कारण विचारीत त्याच्या मागे लागू नये.

काही वेगळे प्रसंग

नुसते पाच तारे असून शब्द एकही नसेल, तर उत्तरही एका ओळीचे असावे. ज्याने काही सांगितले नाही त्याला नेमके असे काय सांगणार? आभार मानावे आणि थांबावे.

दहा ओळींच्या स्तुतीत एक बारीकशी उणीव दडलेली असेल, उदाहरणार्थ ‘पंखा तेवढा आवाज करतो’, तर उत्तराची सुरुवात तिथूनच करावी. पंखा दुरुस्त झाला असेल तर झाला म्हणावे. झाला नसेल तर केव्हा होईल ते सांगावे, आणि सांगता येत नसेल तर अजून झालेला नाही एवढे तरी मान्य करावे. स्तुती करणाऱ्याने ती गोष्ट संकोचून शेवटी टाकलेली असते, आणि आपण ती पाहिली याचे त्याला विशेष बरे वाटते.

अभिप्राय आपल्याच नातेवाइकाने लिहिलेला असेल, तर अनोळखी गिऱ्हाइकाला लिहावे तसे उत्तर देऊन नाटक करू नये. त्याला तो काढून घेण्याची विनंती करणे उत्तम. नोकरांना तर लिहावयास सांगूच नये, कारण आपण जेथे काम करतो त्या दुकानाविषयी अभिप्राय देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. सारख्या नावाच्या दुसऱ्या दुकानाची स्तुती चुकून आपल्या नावाखाली आली असेल, आपल्याकडे मिळतच नाही अशा थालीपिठाची वाखाणणी वाचून हे तत्काळ समजते, तर ‘थालीपीठ आमच्याकडे नसते, बहुधा हा अभिप्राय दुसऱ्या कॅफेसाठी असावा’ असे सरळ लिहावे.

आणि शेवटी, मागे पडलेल्या अभिप्रायांविषयी. वर्षभराच्या पन्नास-साठ अभिप्रायांना एकाच रात्री बसून उत्तरे लिहिण्याची घाई करू नये. तशी उत्तरे एकमेकांसारखी होतात आणि त्यांच्या तारखाही एकच दिसतात. अलीकडच्या चार-पाच अभिप्रायांपासून आरंभ करावा, आणि ज्यांच्याविषयी दुकानात अजून कोणाला काही आठवते आहे, तेवढ्यांनाच लिहावे. ज्यांच्याविषयी कोणाला काहीच आठवत नाही, त्यांना एका ओळीचे आभार पुरे, किंवा ते तसेच राहू द्यावे. पुढे मात्र आठवड्यातून एक ठरावीक वेळ, शक्यतो दुकान उघडण्यापूर्वीची, यासाठी राखावी आणि त्या वेळी वाढपी व स्वयंपाकी जवळ असतील असे पाहावे.